तीन वर्तुळं आणि एक पुढे गेलेलं घड्याळ : नववी-दहावीच्या वर्गात जीपीएस कसं शिकवावं

जीपीएस शिकवायला मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा फळ्यावर तीन वर्तुळं काढली, ती एका बिंदूत भेटवली आणि म्हटलं, "हा बघा तुमचा मोबाईल." मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पण उपग्रहाला कसं कळतं आपण किती लांब आहोत?" खरं म्हणजे उपग्रहाला ते कळतच नाही. हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, कारण माझी तयारी वर्तुळांची होती, घड्याळाची नव्हती.

त्यानंतर चार-पाच वर्षं हा पाठ वेगवेगळ्या तऱ्हेने घेऊन पाहिला. त्यातून जे टिकलं ते इथे लिहितोय. दोन तासिका लागतात. नववीच्या 'निर्देशक भूमिती'नंतर घ्या, किंवा दहावीच्या विज्ञानात 'अवकाश मोहिमा' चालू असताना घ्या. अंतराचं सूत्र झालेलं असेल तर उत्तम, नसेल तरी कंपासने काम भागतं.

काय काय लागेल

- दोन मुलांत मिळून आलेख कागदाचे तीन ताव
- पट्टी, टोक केलेली पेन्सिल, खोडरबर
- किमान १२ सेंमी उघडणारा कंपास
- महाराष्ट्राचा प्रमाण दिलेला नकाशा, एका गटाला एक
- शेवटच्या पायरीसाठी एक स्मार्टफोन, तुमचाच

कंपासपेटीतले कंपास आदल्या दिवशी तपासा. निम्म्यांचा स्क्रू ढिला असतो आणि वर्तुळ अर्ध्यावर येईपर्यंत त्रिज्या दोन-तीन मिलिमीटरने सरकलेली असते. मुलाला वाटतं आपलं गणित चुकलं. ज्यांचा कंपास चालत नाही त्यांना पेन्सिलीला दोरा बांधून द्या. ताणून धरला तर दोरा ढिल्या कंपासपेक्षा बरा.

१. आधी 'वेळेवरून अंतर' पक्कं करा

वर्तुळांकडे लगेच जाऊ नका. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचा खेळ सगळ्यांनी खेळलेला असतो. तिथून सुरुवात करा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंद लागले तर वीज सुमारे एक किलोमीटरवर. आपण वीज मोजायला गेलो नाही, विजेनेही आपल्याला पाहिलं नाही. आवाज निघाला कधी आणि पोचला कधी, एवढंच आपल्याकडे होतं.

जीपीएसमध्ये आवाजाच्या जागी रेडिओ लहर असते आणि ती प्रकाशाच्या वेगाने येते, सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतो आणि सतत दोनच गोष्टी सांगत असतो : माझ्या घड्याळात आत्ता किती वाजले, आणि मी कुठे आहे. फोन ऐकतो, आपल्या घड्याळात बघतो, वजाबाकी करतो. उपग्रह अगदी डोक्यावर असेल तर ही वजाबाकी ६७ मिलिसेकंदांच्या आसपास येते.

फोन उपग्रहाला काहीही पाठवत नाही, हे इथेच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मुलांची सर्वांत चिवट चुकीची समजूत हीच असते की वरून कोणीतरी आपल्याला बघतंय. रेडिओ ऐकणारा माणूस आकाशवाणी केंद्राला दिसत नाही, तसंच हे.

२. पहिला ताव : तीन केंद्रं, तीन वर्तुळं

आलेख कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ आरंभबिंदू घ्यायला सांगा. १ सेंमी म्हणजे १ मिलिसेकंद. प्रकाश एका मिलिसेकंदात ३०० किलोमीटर जातो, म्हणून १ सेंमी म्हणजेच ३०० किलोमीटर. मुलांना अंतरं थेट देऊ नका, वेळा द्या. पहिल्या पायरीतली वजाबाकी इथे उपयोगी पडू दे.

फळ्यावर हे लिहा. तिन्ही उपग्रहांचा संदेश ठीक १० वाजता निघाला. वेळा कागदावर मावाव्यात म्हणून खऱ्यापेक्षा लहान घेतल्या आहेत.

- 'अ' उपग्रह (२, १) इथे : संदेश १० मिलिसेकंदांनी पोचला
- 'ब' उपग्रह (१२, ६) इथे : ५ मिलिसेकंदांनी
- 'क' उपग्रह (८, १६) इथे : ७ मिलिसेकंदांनी

आधी फक्त 'अ'भोवती १० सेंमी त्रिज्येचा कंस काढू द्या आणि थांबवा. "आता फोन कुठे आहे?" काही जण केंद्राकडे बोट दाखवतील, काही वर्तुळाच्या आतल्या भागाकडे. फोन फक्त रेषेवर असू शकतो, आत नाही, बाहेर नाही. हे मुलांच्या तोंडून येईपर्यंत पुढे जाऊ नका. पाच मिनिटं गेली तरी जाऊ देत.

मग 'ब'भोवती ५ सेंमी. दोन रेषा दोन ठिकाणी छेदतात : (८, ९) आणि (१२, १). दोन्ही उत्तरं सारखीच बरोबर आहेत. आता 'क'भोवती ७ सेंमी. हा कंस (८, ९) मधून जातो आणि (१२, १) च्या जवळपासही फिरकत नाही. फोन सापडला.

पूर्ण वर्तुळं काढायचा हट्ट नको, 'अ'चं वर्तुळ कागदाबाहेरच जातं. छेद येईल असं वाटतं तिथे हलक्या हाताने लांब कंस पुरतो. तीन रेषा अचूक एका बिंदूत न येता दोन मिलिमीटरचा बारीक त्रिकोण झाला तर तो बरोबर धरा. आपल्या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे ३० किलोमीटर, हे मात्र सांगा. मुलं पेन्सिलीला टोक करायला आपणहून उठतात.

एखादा हुशार मुलगा विचारेल की उपग्रह तर वर आकाशात, मग वर्तुळं कसली? बरोबर आहे, खरे ते गोल असतात. साबणाचे दोन फुगे एकमेकांना चिकटले की जोडाच्या जागी वर्तुळ दिसतं. तिसरा गोल त्या वर्तुळाला दोन बिंदूंत कापतो. त्यातला एक बहुतेक वेळा जमिनीपासून फारच दूर कुठेतरी अवकाशात असतो, म्हणून तो सोडून देता येतो.

बरीच पाठ्यसामग्री इथेच संपते. पण इथवर आपण एक गोष्ट फुकटात घेतली आहे.

३. दुसरा ताव : फोनचं घड्याळ पुढे आहे

उपग्रहात अणुघड्याळं असतात. फोनमध्ये असतं ते मनगटी घड्याळासारखं साधं क्वार्ट्झचं. ते एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग जरी चुकलं, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. मग फोनच्या वजाबाकीवर विश्वास कसा ठेवायचा?

नवीन ताव घ्यायला लावा. केंद्रं तीच, पण फोनचं घड्याळ २ मिलिसेकंद पुढे आहे. हे मुलांना सांगू नका. फक्त फोनला दिसलेल्या वेळा द्या : 'अ' १२, 'ब' ७, 'क' ९.

आता कंस एका बिंदूत भेटत नाहीत. मध्ये एक फुगीर त्रिकोण तयार होतो, त्याचे कोपरे साधारण (७.७, ११.५), (११.८, ७.९) आणि (५.२, ७.५) इथे येतात. वर्गात गोंधळ होतो, खोडरबरं चालू होतात, "सर, कंपास हलला" असं ऐकू येतं. खोडू देऊ नका. शेजारच्या जोडीचा कागद बघायला सांगा. सगळ्यांचा त्रिकोण सारखाच आहे, म्हणजे चूक हाताची नाही.

मग एवढीच सूचना द्या : "तिन्ही वेळा एकाच घड्याळाने मोजल्या आहेत. घड्याळ चुकलं असेल तर तिन्हींत किती चूक असेल?" थोडा वेळ लागतो, पण कोणीतरी म्हणतंच की सारखीच. मग तिन्ही त्रिज्यांमधून सारखाच आकडा वजा करत जायचं. १ वजा केला की ११, ६, ८. त्रिकोण लहान होतो. २ वजा केला की १०, ५, ७ आणि रेषा (८, ९) मध्ये एकत्र येतात. ३ वजा केला की ९, ४, ६; आता 'अ' आणि 'क'चे कंस एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत.

गेल्या वर्षी एका मुलीने २ वजा करून बिंदू मिळवला आणि लगेच माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, "म्हणजे सर, आता फोनला खरी वेळपण कळली?" कळली. जागा शोधताना घड्याळाची चूकही हातात आली. जीपीएसवरून अचूक वेळ मिळते ती अशी.

इथे मोजणी नीट करा, कारण शिक्षकही अडखळतात ते इथेच. कागदावर जागेसाठी दोन संख्या लागतात, क्ष आणि य. घड्याळाची चूक ही तिसरी अज्ञात संख्या. तीन अज्ञात, तीन केंद्रं. खऱ्या जगात उंचीही शोधायची असते, म्हणून अज्ञात चार होतात आणि किमान चार उपग्रह लागतात. 'जीपीएसला तीन उपग्रह पुरतात' हे वाक्य अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं. त्यात फोनचं घड्याळ अचूक आहे असं गृहीत धरलेलं असतं, आणि ते कधीच नसतं.

४. नकाशावरचा फसलेला प्रयोग (मुद्दाम फसवावा असा)

हा माझा स्वतःचा घोटाळा. दुसऱ्या वर्षी मला वाटलं, आलेख कागद रूक्ष आहे, आपल्या गावांची नावं हवीत. एका शहराचं नाव लपवलं आणि तीन अंतरं दिली : पुण्यापासून १२० किमी, नाशिकपासून १६०, छत्रपती संभाजीनगरपासून ११५. उत्तर नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, यायला हवं होतं. आलं नाही. प्रत्येक गटाच्या नकाशावर नखाएवढा लांबट त्रिकोण झाला, आणि नगर त्या त्रिकोणाच्या बाहेर, वायव्येला.

मी दिली होती ती रस्त्याची अंतरं. सरळ रेषेत पुण्यापासून नगर साधारण ११३ किमी, नाशिकपासून १४२ आणि संभाजीनगरपासून १०७ भरतं. कंपासला घाट आणि वळणं कळत नाहीत.

तेव्हा खजील झालो होतो. आता हा प्रयोग मी दरवर्षी मुद्दाम करतो, कारण तिसऱ्या पायरीनंतर मुलं हमखास म्हणतात, "सर, सारखा आकडा वजा करू." करू द्या. प्रत्येक त्रिज्येतून ५ किमीच्या आसपास वजा केले की वर्तुळं खरंच एका बिंदूत भेटतात. मुलं खूश. पण तो बिंदू नगरपासून दहा-पंधरा किमी आग्नेयेला पडतो.

इथे थोडं थांबायला हवं. घड्याळाची चूक तिन्हींत सारखी असते, म्हणून ती वजा होते. रस्त्याची वळणं तीन दिशांना तीन तऱ्हेची : पुण्याकडून ७ किमी जास्त, नाशिककडून १८, संभाजीनगरकडून ८. ही चूक सारख्या आकड्याने निघत नाही, आणि वाईट भाग असा की ती लपून बसते. रेषा नीट भेटल्या म्हणजे उत्तर बरोबर, असं समजायचं कारण नाही.

खऱ्या जीपीएसमध्ये असंच घडतं. उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रहाचा सिग्नल थेट न येता समोरच्या भिंतीवर आपटून येतो. वाट लांबते, वेळ जास्त लागतो, आणि फोनला वाटतं तो उपग्रह आहे त्याहून लांब आहे. तीन उपग्रह थेट ऐकू येताहेत आणि चौथा भिंतीवरून, अशी स्थिती म्हणजे आपला नाशिकचा रस्ता. मग नकाशावरचा निळा ठिपका तुम्हाला पलीकडच्या रस्त्यावर नेऊन ठेवतो.

५. तिसरा ताव : खोटा कोण ते शोधा

आता चौथं केंद्र द्या : 'ड' (२, ९) इथे. घड्याळ या वेळी बरोबर आहे असं सांगून टाका. वेळा : 'अ' १०, 'ब' ६, 'क' ७, 'ड' ६. यातला एक सिग्नल भिंतीवर आपटून आला आहे, कोणता?

'अ', 'क' आणि 'ड' (८, ९) मध्ये भेटतात. 'ब'चा कंस तिथून एक सेंटीमीटरवरून जातो. म्हणजे 'ब'ची वाट लांबली. तीन जणांचं एकमत आणि चौथा वेगळं सांगतोय, म्हणून पकडला गेला. फक्त 'अ', 'ब', 'क' असते तर त्रिकोण दिसला असता, पण दोष कोणाचा ते ठरवता आलं नसतं.

फोन चारवर समाधान मानत नाही, मिळतील तेवढे उपग्रह घेतो, त्याचं एक कारण हे. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि काही फोनमध्ये आपली नाविक, या सगळ्यांचे उपग्रह तो एकत्र वापरतो. जास्तीचा प्रत्येक उपग्रह म्हणजे एक जास्तीचा साक्षीदार.

वेळ उरला तर याच तावाच्या मागे तीन केंद्रं एका ओळीत घ्यायला सांगा, उदाहरणार्थ (२, ८), (८, ८), (१४, ८). ओळीच्या वर एक उत्तर मिळतं आणि आरशात दिसावं तसं खाली दुसरं. अशी कितीही केंद्रं वाढवली तरी दोन उत्तरं राहतातच. उपग्रह आकाशभर विखुरलेले का हवेत, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

६. मैदानावर फोन घेऊन

फोन विमान मोडवर टाका, वायफाय बंद, लोकेशन चालू. उपग्रहांची यादी दाखवणारी मोफत ॲप्स मिळतात, त्यातलं एक आदल्या दिवशी घेऊन ठेवा. मैदानाच्या मध्यभागी उभं राहून थांबा. अक्षांश-रेखांश येतात, इंटरनेट नसताना येतात. नकाशाचं चित्र मात्र उमटणार नाही, कारण रस्ते आणि गावांची नावं इंटरनेटवरून येतात, जागा उपग्रहांवरून.

मुलांना इथे घाई होते. प्रत्येक उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती पूर्ण ऐकायला जवळजवळ अर्धा मिनिट लागतं. इंटरनेट असतं तेव्हा हीच माहिती फोन झटकन उतरवून घेतो, म्हणून एरवी ठिपका लगेच दिसतो. अर्ध्या-एक मिनिटात काही आलं नाही तर फोन मोडला असं समजू नका. झाडाखालून बाजूला व्हा.

मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. आकडे टिपून घ्या, मग शाळेच्या दुमजली भिंतीला खेटून उभे राहा आणि पुन्हा टिपा. यादीतले काही उपग्रह गायब होतात, काहींचे पट्टे बारीक होतात, आकडे सरकायला लागतात. चौथ्या पायरीतला नाशिकचा रस्ता मुलांना तिथेच आठवतो.

नेहमी येणारे तीन प्रश्न

"कोन मोजतात का?" नाही. फक्त अंतरं. अनेक जण हे त्रिकोणमितीत ढकलतात. आपण एकही कोन मोजलेला नाही.

"उपग्रह फिरत असतात, मग केंद्र कसं ठरतं?" उपग्रह सुमारे १२ तासांत एक फेरी मारतो, पण आपली कक्षा तोच सांगत असतो. संदेश निघाला त्या क्षणी तो कुठे होता, ते फोन त्यावरून काढतो. कागदावरची केंद्रं म्हणजे त्या एका क्षणाचा फोटो.

"उपग्रहाचं घड्याळ कधी चुकत नाही?" हा प्रश्न आला तर तासिका सार्थकी लागली समजा. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे वरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. ते आधीच हिशेबात धरून दुरुस्त केलेलं असतं. एका मायक्रोसेकंदाला ३०० मीटर. ३८ ला किती, हा गुणाकार मुलांनाच करू द्या. उत्तर ११ किलोमीटरच्या पुढे जातं.

तपासायला सोपा गृहपाठ हवा असेल तर हा द्या : केंद्रं पहिल्या तावाचीच, वेळा 'अ' ९, 'ब' ४, 'क' ६. घड्याळ किती आणि कोणत्या बाजूला चुकलंय? या वेळी त्रिकोण दिसत नाही, फट दिसते. वजा करण्याऐवजी मिळवायचं आहे, म्हणजे घड्याळ १ मिलिसेकंद मागे आहे. माझ्या वर्गातले निम्मे जण तरीही आधी वजाच करून बघतात.